संदर्भसूचीत नसलेले अभ्यास

वर्णनात्मक आढावालेखात एखाद्या प्रश्नावर आजवर झालेले संशोधन लेखक स्वतःच्या निवडीने मांडतो. कोणते अभ्यास घेतले आणि कोणते गाळले याचा नियम त्यात बहुधा सांगितलेला नसतो, त्यामुळे प्रसिद्धीपूर्वी तो तपासणाऱ्या परीक्षकापुढे मूळ शोधनिबंधाच्या परीक्षणाहून वेगळी अडचण उभी राहते. दिलेला प्रत्येक संदर्भ अचूक असूनही निष्कर्ष एकांगी असू शकतो, आणि हा दोष केवळ लेख वाचून सापडत नाही.

जीवनसत्त्व क आणि सर्दी यांविषयीचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९८६ च्या आपल्या पुस्तकात या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार अनेक चाचण्यांच्या आधारे केला होता. डच संशोधक पॉल क्निपशिल्ड यांनी पुस्तकातील संदर्भांवर विसंबून न राहता साहित्याचा स्वतंत्र शोध घेतला, तेव्हा ६१ चाचण्या मिळाल्या आणि त्यांपैकी १५ पद्धतीच्या दृष्टीने भक्कम ठरल्या. ही यादी पुस्तकाशी ताडून पाहता त्या पंधरांपैकी ५ चाचण्यांचा पुस्तकात उल्लेखच नव्हता आणि आणखी दोन केवळ ओझरत्या आल्या होत्या. भक्कम चाचण्यांवरून पाहता मोठ्या मात्रांनीही सर्दी टळत नव्हती. फार तर तिचा काळ आणि जोर किंचित कमी होत असावा.

परीक्षकाने घ्यावयाचा धडा या क्रमात आहे. लेखाची संदर्भसूची उघडण्यापूर्वीच त्याने केवळ प्रश्न हाती घेऊन शोध घ्यावा, आणि मिळालेल्या अभ्यासांची प्रत जोखताना त्यांचे निकाल शक्यतो बाजूला ठेवावेत, कारण निकाल आधी कळला की नावडत्या अभ्यासातील उणिवा चटकन दिसू लागतात.

नुसता उल्लेख असणेही पुरेसे नाही, कारण उल्लेख कसा केला आहे यावर बरेच ठरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील कर्मचाऱ्यांवरील १९७५ च्या चाचणीत जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी झालेली दिसली; परंतु तुलनेसाठी दिलेल्या निष्क्रिय कॅप्सूलमध्ये लॅक्टोज होते, आणि अनेकांनी कॅप्सूल चाखून आपल्याला काय मिळते आहे ते ओळखले होते. ज्यांना ते ओळखता आले नाही, त्यांच्यात हा फरक उरला नाही. या चाचणीतील फक्त लवकर बरे होण्याचा भाग उद्धृत करणारा लेख असत्य सांगत नाही, तरीही वाचकाची दिशाभूल करतो.

उलट बाजूही तितक्याच कसोशीने तपासली पाहिजे. पुढे २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे शोधाचा व निवडीचा नियम आधीच जाहीर करून केलेल्या आढाव्यात, नियमित सेवनाने प्रौढांमधील सर्दीचा काळ सरासरी ८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तेव्हा ‘काहीही उपयोग नाही’ असे ठासून सांगणाऱ्या आढावालेखालाही परीक्षकाने कोणते अभ्यास गाळले हाच प्रश्न विचारावा, आणि ‘साहित्याचा समतोल राखावा’ अशी मोघम सूचना करण्याऐवजी गाळलेल्या अभ्यासांची नावे व त्यांमुळे निष्कर्षातील नेमके कोणते वाक्य बदलते हे संपादकाला लिहून कळवावे.