380 जण वाचले, पण कशापासून?

सप्टेंबर 2006 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘ड्रीम’ नावाच्या एका मोठ्या औषधचाचणीचा निकाल छापून आला. चाचणीत 21 देशांतली 5,269 माणसं होती. या सगळ्यांची साखर वाढायला लागली होती, पण मधुमेह म्हणण्याइतकी वाढलेली नव्हती. त्यांपैकी निम्म्यांना रोझिग्लिटाझोन या औषधाची रोज 8 मिलिग्रॅमची मात्रा दिली गेली. उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली. मग साधारण तीन वर्षं या सगळ्यांवर लक्ष ठेवण्यात आलं.

चाचणीचा मुख्य निकष होता ‘मधुमेह होणं किंवा मृत्यू येणं’. दोहोंपैकी काहीही घडलं की त्या माणसाच्या नावापुढे एक नोंद. तीन वर्षांनी पोकळ गोळीच्या गटात अशा 686 नोंदी होत्या आणि औषधाच्या गटात 306. म्हणजे 380 नी कमी. धोक्याच्या हिशेबात सांगायचं तर 60 टक्के घट. औषधांच्या दुनियेत इतका मोठा फरक क्वचितच दिसतो.

आता हाच निकाल एखाद्या वाचकाला एका ओळीत सांगायचा झाला तर वाक्य सहज तयार होतं: ‘या औषधामुळे मधुमेह किंवा मृत्यूचं प्रमाण 60 टक्क्यांनी घटलं.’ वाक्यात खोटं काही नाही. पण ते वाचणाऱ्याच्या मनात मृत्यूही निम्म्याहून कमी झाल्याचं चित्र उभं राहतं, आणि ते चित्र साफ चुकीचं आहे.

निकाल सुटा करून बघितला की हे कळतं. पोकळ गोळीच्या गटात 658 जणांना मधुमेह झाला, औषधाच्या गटात 280 जणांना. फरक 378 चा. मृत्यू मात्र एका गटात 33 आणि दुसऱ्यात 30, म्हणजे फरक फक्त तिघांचा. दोन्ही गट जवळपास समान होते, प्रत्येकी 2,634-35 माणसांचे. इतक्या माणसांत तीन मृत्यूंचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. आकडेशास्त्राच्या भाषेत मृत्यूच्या धोक्याचा अंदाज 0.91 होता, पण त्याची शक्य मर्यादा 0.55 पासून 1.49 पर्यंत पसरलेली होती. याचा साधा अर्थ असा, की औषधाने मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले असतील किंवा दीडपट वाढवले असतील, या दोन्ही शक्यता या चाचणीला नाकारता येत नव्हत्या. मधुमेहाबद्दल ती खात्रीने बोलत होती. मृत्यूबद्दल ती जवळजवळ गप्प होती.

मग मृत्यू त्या निकषात घातलाच कशाला? संशोधकांनी चलाखी केली असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नव्हतं. मेलेल्या माणसाला नंतर मधुमेह होऊ शकत नाही. समजा, एखादं औषध माणसं लवकर मारतं. त्या गटात मधुमेह मोजला तर तो कमीच भरेल, कारण तो होण्याआधीच माणसं गेलेली असतील. फक्त मधुमेह मोजला असता तर असं घातक औषधही गुणकारी दिसलं असतं. म्हणून मृत्यूला निकषात सामील करून घेणं हा एक पहारा आहे.

दुसरं कारण संख्येचं. ‘ड्रीम’मध्ये आधीपासून हृदयविकार असलेली माणसं घेतलीच नव्हती, आणि सहभागींचं सरासरी वय 55 च्या आसपास होतं. अशा गटात तीन वर्षांत मृत्यू थोडेच होतात. इथे दोन्ही गट मिळून ते 63 होते. एवढ्या तुटपुंज्या नोंदींवर औषधाचा परिणाम ठरवायचा तर कितीतरी पट माणसं आणि कितीतरी जास्त वर्षं लागली असती. चार-पाच घटना एकत्र मोजल्या की नोंदी पटकन जमतात आणि चाचणी आवाक्यात राहते. हृदयविकाराच्या चाचण्यांत ‘मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात’ असे एकत्रित निकष सर्रास दिसतात ते यामुळेच.

एकत्र मोजणं गैर नाही. पण एकत्र मोजून एकत्रच सांगितलं की घोटाळा होतो. घटकांचं वजन सारखं असेल, ते साधारण सारख्याच संख्येने घडत असतील आणि औषधाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत असेल, तर एकत्रित आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक असतो. ‘ड्रीम’मध्ये यातलं काहीच नव्हतं. रक्ततपासणीत आकडा एका रेषेच्या वर जाणं आणि माणूस मरणं या दोन्ही गोष्टी त्या हिशेबात एक-एक नोंदच होत्या. शिवाय त्यातली हलकी गोष्ट दहा-वीसपट जास्त वेळा घडत होती. त्यामुळे एकूण आकडा तिच्याच तालावर नाचला.

आणखी एक खोच आहे. रोझिग्लिटाझोन हे मुळात साखर उतरवणारं औषध. ते घेत असताना साखर मोजली तर ती कमीच भरणार. तेव्हा त्यातला किती मधुमेह खरोखर टळला आणि किती नुसता झाकला गेला, हा प्रश्न उरतोच.

प्रामाणिक तक्ता कसा दिसतो, हेही याच चाचणीवरून समजून घेता येतं, कारण तिच्या मूळ लेखात घटक सुटे दिलेले आहेत. सगळ्यात वर एकत्रित निकष असावा, कारण चाचणीचा आराखडा त्यावर बेतलेला असतो आणि निकाल लागल्यावर तो बदलायचा नसतो. त्याखाली प्रत्येक घटकाची वेगळी ओळ असावी. प्रत्येक ओळीत दोन्ही गटांतल्या माणसांची संख्या, टक्केवारी आणि अंदाजाची मर्यादा द्यावी. नुसती ‘60 टक्के घट’ न देता शंभरात किती, हेही लिहावं: पोकळ गोळीवर शंभरातले 25 मधुमेही झाले, औषधावर 10 ते 11. मृत्यू दोन्हीकडे शंभरात एकाच्या आसपास. एवढं वाचल्यावर कुणाची फसगत होत नाही.

या ओळींची बेरीज करून पाहण्यात एक गंमत आहे. औषधाच्या गटात 280 मधुमेह आणि 30 मृत्यू, बेरीज 310. पण एकत्रित आकडा 306. पोकळ गोळीच्या गटात 658 आणि 33, बेरीज 691, पण एकत्रित आकडा 686. ही छपाईची चूक नाही. एका गटात चार आणि दुसऱ्यात पाच जणांना आधी मधुमेह झाला आणि मग मृत्यू आला. एकत्रित निकषात अशा माणसाची नोंद एकदाच होते, पहिल्या घटनेच्या वेळी. खालच्या ओळींत मात्र त्याचा मधुमेहही दिसतो आणि मृत्यूही.

काही लेखांमध्ये खालच्या ओळींतही फक्त ‘पहिली घटना’ मोजलेली असते. तिथे ओळींची बेरीज एकत्रित आकड्याशी तंतोतंत जुळते, आणि नेमकं तेव्हाच सावध व्हायला हवं. कारण पहिल्या वर्षी मधुमेह आणि तिसऱ्या वर्षी मृत्यू आलेल्या माणसाचा मृत्यू अशा तक्त्यात कुठेच नसतो.

आणि जे निकषात घेतलंच नाही त्याचं काय? ‘ड्रीम’मध्ये हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद कमी पडणं, हा प्रकार मुख्य निकषाचा भाग नव्हता. तो औषधाच्या गटात 14 जणांना झाला आणि दुसऱ्या गटात दोघांना. संख्या लहान, पण फरक योगायोगाचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. पुढे हृदयावरच्या परिणामांवरून या औषधाभोवती मोठा वाद पेटला आणि 2010 मध्ये युरोपात आणि भारतातही त्याची विक्री थांबली. अमेरिकेत त्यावर घातलेले निर्बंध नंतर सैल करण्यात आले. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण 60 टक्क्यांच्या ठळक आकड्यात हे 14 जण कुठेच दिसत नाहीत, एवढं खरं.

उलट्या बाजूनेही फसगत होते. एकत्रित निकालात फरक दिसत नाही आणि आत मात्र घटक एकमेकांविरुद्ध ओढत असतात. ‘एक्सेल’ ही चाचणी याचं गाजलेलं उदाहरण. हृदयाच्या डाव्या मुख्य रक्तवाहिनीत अडथळा असलेले 1,905 रुग्ण. काहींना स्टेंट, काहींची बायपास. निकष होता मृत्यू, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक. 2019 मध्ये पाच वर्षांचा निकाल आला: स्टेंटच्या गटात 22.0 टक्के, बायपासच्या गटात 19.2 टक्के. निष्कर्ष असा, की दोन्हींत लक्षणीय फरक नाही.

पण मृत्यूची ओळ वेगळी पाहिली तर स्टेंटकडे 13.0 टक्के आणि बायपासकडे 9.9 टक्के. मग एकूण आकड्यातली तफावत पुसट कशी झाली? पहिल्या महिन्यातल्या हार्ट अटॅकने. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात काही द्रव्यं वाढतात. ती ठरावीक पातळीपलीकडे गेली की ‘एक्सेल’मध्ये हार्ट अटॅकची नोंद व्हायची. छाती उघडून केलेल्या बायपासमध्ये असे आकडे जास्त चढतात. त्यामुळे पहिल्या 30 दिवसांत बायपासच्या खात्यावर हार्ट अटॅक जास्त पडले. नंतरच्या वर्षांत, उपचाराशी संबंध नसलेले हार्ट अटॅक स्टेंटच्या गटात जवळपास दुप्पट होते. दोन्ही प्रकार एकाच खात्यात गेले आणि तराजू समतोल दिसला. डिसेंबर 2019 मध्ये हृदयशल्यचिकित्सकांच्या युरोपीय संघटनेने या आजाराबाबतच्या उपचारसूचनेतल्या संबंधित भागाला दिलेला पाठिंबा काढून घेतला.

इथे मात्र दुसऱ्या टोकालाही जाता येत नाही. सुटी ओळ वाचायची ती तिच्या मर्यादेसकट. ‘एक्सेल’ची आखणी मृत्यूतला फरक सिद्ध करण्यासाठी झालेलीच नव्हती. चार-पाच ओळींपैकी एखादी निव्वळ योगायोगानेही चमकू शकते. 2021 मध्ये अशाच चार चाचण्यांमधल्या 4,394 रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटकडे 11.2 टक्के आणि बायपासकडे 10.2 टक्के भरले. तीन टक्क्यांचा फरक एकावर आला आणि योगायोगाच्या कक्षेत गेला. उपचारानंतर आपसूक येणारे हार्ट अटॅक मात्र इथेही स्टेंटकडे दुपटीहून जास्त होते, 6.2 टक्के विरुद्ध 2.6 टक्के. पुन्हा रक्तवाहिनी मोकळी करून घेण्याची वेळही स्टेंटच्या रुग्णांवर जास्त वेळा आली.

हे सगळे आकडे एका निकषात कोंबले असते तर रुग्णाला फक्त ‘दोन्ही सारखंच’ एवढं ऐकू आलं असतं. सुटे दिले की सत्तरीतला माणूस छाती उघडायला नको म्हणून पुन्हा अँजिओप्लास्टीची तयारी ठेवू शकतो, आणि पन्नाशीतला कदाचित एकदाच मोठी शस्त्रक्रिया उरकून घेईल.