घर आणि व्यसन – लेखांक ६ : न प्यायलेली संध्याकाळ

मागच्या लेखात आपण दारू आणि जुगार मेंदूवर पकड कशी बसवतात ते पाहिलं. आता घरातल्या माणसाकडे वळू. समजावून झालं, रडून झालं, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावून झालं, ‘माहेरी निघून जाईन’ हेही म्हणून झालं. आता बायकोने नेमकं काय करायचं?

याचं सर्वांत उपयोगी उत्तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातील रॉबर्ट मायर्स यांच्या कामात सापडतं. त्यांच्या पद्धतीला ‘क्राफ्ट’ म्हणतात. यात पिणाऱ्याला नव्हे, त्याच्या घरच्या माणसाला शिकवलं जातं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचाराला ठाम नकार देणाऱ्या मद्यपींच्या १३० नातेवाइकांचे तीन गट केले होते. एका गटाला मद्यपींच्या नातेवाइकांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या वाटेने नेलं. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून त्या माणसाला समोर बसवून जाब विचारण्यासाठी तयार केलं. तिसऱ्याला क्राफ्ट शिकवलं. पिणारा उपचाराला आला त्याचं प्रमाण अनुक्रमे १३, ३० आणि ६४ टक्के होतं. अल-अ‍ॅनॉनवर मात्र यावरून ठपका ठेवू नये. पिणाऱ्याला उपचाराला आणणं हा त्यांचा हेतूच नसतो, घरच्यांना सावरणं हा असतो. दुसऱ्या गटातली बहुतेक कुटुंबं तर त्या जाब विचारायच्या बैठकीपर्यंत पोचलीच नाहीत.

हे घरात कसं उतरतं ते एका काल्पनिक, पण समुपदेशकांच्या ओळखीच्या घरावरून पाहू. लता आणि सुरेश नाशिकचे. तो कारखान्यात, ती शिवणकाम करते. मुलगी सातवीत. सुरेश आठवड्यातून चार-पाच दिवस पिऊन येतो. आला की लताचा आवाज चढतो, तो जेवणाचं ताट सारून झोपतो. सकाळी त्याला उठवत नाही म्हणून लताच सुपरवायझरला फोन करते : ‘त्यांना ताप आलाय.’

पहिलं काम वहीचं. दोन-तीन आठवडे लताने काहीही न बदलता फक्त टिपायचं : कुठला दिवस, कामावरून कधी सुटला, सोबत कोण होतं, किती वाजता आला, आल्यावर मी काय केलं, दुसऱ्या दिवशी काय झालं. आणि ज्या दिवशी प्यायला नाही, त्या दिवशी काय वेगळं होतं, हेही. घरचे नेमकं हेच टिपत नाहीत. लताच्या वहीत दोन गोष्टी दिसल्या. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो चारला सुटतो आणि सात वाजेपर्यंतचे तीन तास रिकामे असतात. पिणं बहुतेक त्या तासांत, एकाच मित्राबरोबर. गुरुवारी मात्र मुलीला कबड्डीच्या सरावाला न्यायचं असतं, तेव्हा तो सरळ घरी येतो. दुसरी गोष्ट वाचून तिला वाईट वाटलं : कोऱ्या गुरुवारीसुद्धा ती त्याच्याशी कालच्या दारूबद्दलच बोलत होती. म्हणजे पिऊन आला तरी बोलणी, न पिता आला तरी बोलणी.

बदल इथून सुरू होतो. न प्यायलेल्या संध्याकाळी चहा एकत्र, त्याच्या आवडीची भाजी, मुलीच्या सरावाच्या गप्पा, आणि जुना हिशेब काढायचा नाही. ‘तुम्ही वेळेवर आलात, बरं वाटलं,’ एवढं म्हणायचं. प्यायलेल्या संध्याकाळी यातलं काहीच नाही. भांडणही नाही. ‘आज मी तुमच्याशी बोलत बसणार नाही. उद्या सकाळी बोलू,’ असं म्हणून मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जायचं. हा रुसवा नव्हे. त्याच्या दारूला तिची सोबत मिळत नाही, एवढंच त्याला कळायला हवं. त्या तीन तासांसाठी तिने गुरुवारचं काम मंगळवारीही मागितलं : मुलीला सरावाला न्यायचं.

सुपरवायझरला फोन करणं तिने थांबवलं. हे सगळ्यांत जड जातं, कारण खाडा पडला की पगार घरचाच कापला जातो. म्हणून आधी सोसवेल एवढंच सोडावं. एका खाड्याचे पैसे जातील, पण नोकरी, मुलीची फी किंवा कोणाचा जीव पणाला लागेल असं काही सोडू नये. जुगाराच्या घरात हेच पैशांतून करावं लागतं. रमीच्या अ‍ॅपवरचं किंवा सावकाराचं त्याचं कर्ज आपण फेडायचं नाही, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आपली कमाई आणि दागिने त्याचा हात पोचणार नाही अशा वेगळ्या खात्यात, लॉकरमध्ये ठेवायचे.

धमकी आणि मर्यादा यांत गल्लत होते. ‘पुन्हा प्यायलात तर घर सोडीन’ हे त्याच्या वागण्यावर टांगलेलं असतं आणि बहुधा पाळलं जात नाही. ‘तुम्ही प्यायलेले असताना मी आणि मुलगी तुमच्या गाडीवर बसणार नाही’ हे तिच्या हातातलं आहे, आणि ती आजपासून पाळू शकते.

उपचाराचा विषय काढायचा तो हवा तेव्हा नव्हे. तो शुद्धीत आहे, स्वतःच खजील आहे, अशी वेळ असते : खाडा पडल्याची सकाळ, किंवा मुलीने काही विचारलं ती रात्र. तेव्हा लताने म्हणायचं, ‘काम दमवणारं आहे हे मला कळतं. मीही फार ओरडले. पण मला भीती वाटते. एकदा डॉक्टरांना भेटू या, मी सोबत येते.’ ती वेळ येण्याआधीच सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मानसोपचार विभागाचे किंवा व्यसनमुक्ती केंद्राचे दिवस आणि वेळा तिला माहीत हव्यात. होकार एक-दोन दिवसांतच विरतो. नकार आला तर वाद न घालता विषय सोडायचा आणि पुढच्या संधीला पुन्हा काढायचा.

तीन ठिकाणी मात्र ही पद्धत आहे तशी चालत नाही. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता पाहावी. मदतीसाठी १८१, तातडीला ११२. सकाळी हात थरथरतात आणि प्यायल्यावरच थांबतात, अशा माणसाची दारू घरीच एकदम तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं. आणि जेवणातून नकळत ‘दारू सोडवायचं औषध’ कधीही देऊ नये. त्यात डायसल्फिरम असेल आणि तो वर प्यायला, तर रक्तदाब कोसळून मृत्यू येऊ शकतो.

लताने याच काळात बंद पडलेला भिशीचा गट पुन्हा सुरू केला आणि आठवड्यातून एकदा बहिणीकडे जाऊ लागली. हा क्राफ्टचाच भाग आहे. वर सांगितलेल्या अभ्यासात तिन्ही गटांतल्या नातेवाइकांची उदासी आणि राग कमी झाला. ज्यांचा माणूस उपचाराला आला नाही, तेही त्यात होते.

पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण चालतं, आणि तिथे पत्नींचाही गट आहे. इतर गावांतून केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलि-मानसच्या १४४१६ वर फोन करता येतो. तो पिणाऱ्यानेच करावा असं नाही. तुम्ही करा, याच आठवड्यात, आणि वही जवळ ठेवून करा.