बँकेतल्या निरोपाचे गाणे

तीस वर्षे काउंटरवर बसलेला लिपिक निवृत्त होताना सहकाऱ्यांनी गाण्याचे गीत मोठ्या अभंगाच्या छंदात चांगले जमते. त्याच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे. जोडाक्षर एकच धरायचे. चाल बहुतेकांच्या कानात असतेच, त्यामुळे तालीम फारशी लागत नाही.

अवघड असते ते आशय निवडणे. ‘प्रामाणिक’, ‘मनमिळाऊ’ ही विशेषणे कोणत्याही निरोपाला चालतात, म्हणूनच इथे निरुपयोगी. त्याऐवजी त्या काउंटरवरच्या वस्तू घ्याव्यात. संगणकापूर्वी पैसे काढायची स्लिप दिली की पितळी टोकन मिळे. खातेवहीत नोंद होई, अधिकारी सही करी आणि मग रोखपाल क्रमांक पुकारी. तोवर ग्राहक बसून राही. पेन्शनच्या दिवशी तर बाक भरलेला असे. हे चित्र एका कडव्यात असे बसते:

पितळी टोकन
घेऊनिया हाती
आजोबा बसती
बाकावर

पुढचे कडवे 2016च्या नोव्हेंबरचे असू शकते. पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्यावर रांगा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. दिवसअखेरची रोकड जुळेपर्यंत घरी जाता येत नसे, हेही त्यात यावे.

नेहमीच्या ग्राहकांना सवयीवरून ओळखू द्यावे: दर वेळी पेन मागणारा, पासबुक छापले तरी शिल्लक विचारणारी. नाव किंवा रक्कम मात्र गाण्यात घालू नये, कारण खात्याची गुप्तता निवृत्तीनंतरही पाळायची असते.

पाच कडवी पुरेत. त्यापुढे श्रोते जेवणाकडे पाहू लागतात.