ओळींच्या आरंभी उभा रकाना

समजा, नववी ‘अ’च्या ४२ विद्यार्थ्यांची नावे एकाखाली एक टाइप केलेली आहेत आणि प्रत्येक नावाआधी `9A-01` पासून `9A-42` पर्यंत क्रमांक घालायचा आहे. नोटपॅड++ या विंडोजवरील मोफत संपादकात हे दोन मिनिटांत होते. त्यासाठी मजकूर आडवा न निवडता उभा निवडावा लागतो.

पहिल्या नावाच्या अगदी आधी कर्सर ठेवा. `Alt` आणि `Shift` दाबून धरा व खाली जाणारा बाण ४१ वेळा दाबा. (किंवा याच दोन कळा दाबून शेवटच्या ओळीच्या आरंभी माऊसने क्लिक करा.) सर्व ओळींच्या आरंभी एक बारीक उभी रेघ दिसेल. तिला रुंदी नसावी; निवड उजवीकडे सरकली, तर तेवढी अक्षरे पुसली जाऊन त्यांच्या जागी नवा मजकूर येईल.

आता आपण जे टाइप करू ते ४२ ओळींत एकदम उमटेल. आपण दर वेळी ओळीच्या आरंभीच भर घालणार, म्हणून नावाला चिकटून जे हवे ते आधी घालायचे. प्रथम एक मोकळी जागा टाइप करा. पुन्हा तशीच उभी निवड करून `Alt+C` दाबा. उघडलेल्या चौकटीत `Number to Insert` निवडून `Initial number` व `Increase by` या दोन्हींपुढे 1 लिहा आणि आरंभी शून्ये लावण्याचा पर्याय घ्या. तिसऱ्या निवडीत `9A-` टाइप करा.

```
9A-01 अनघा
9A-02 इम्रान
9A-03 कविता
```

शून्य केवळ शोभेसाठी नाही. ते नसेल तर यादी अक्षरानुक्रमे लावताना `9A-10` हा `9A-2` च्या आधी येतो.

शेवटचा क्रमांक ४२ च आला ना, हे अवश्य पाहावे. तो ४३ आला, तर मध्ये कुठेतरी एक रिकामी ओळ आहे. संपादक तिलाही क्रमांक देतो. `Ctrl+Z` ने मागे जाऊन ती ओळ काढावी.

हीच युक्ती ओळीच्या मध्यभागी मात्र फसते, विशेषतः देवनागरीत. याचे कारण असे, की फाईलमध्ये रकाना नावाची गोष्टच नसते. तिथे असते अक्षरांची एक सलग माळ आणि मधूनमधून ‘ओळ संपली’ अशी खूण. उभा रकाना संपादक पडद्यावरील अंतरावरून ठरवतो. इंग्रजी अक्षरे समान रुंदीच्या टंकात एकाखाली एक येतात. ‘र’ आणि ‘क्ष’ यांची रुंदी मात्र सारखी नसते. त्यामुळे डावीकडून तेवढ्याच अंतरावर एका ओळीत तिसरे अक्षर असेल, तर दुसरीत चौथे. ओळींच्या शेवटी भर घालतानाही असेच होते: आखूड ओळींत रकान्यापर्यंतची जागा संपादक मोकळ्या जागांनी भरून काढतो. आरंभी सर्व ओळींचे अंतर शून्यच असते, म्हणून तिथे हा घोटाळा होत नाही.