पुडी एक, पाणी किती? : जुलाब झालेल्या बाळाला ओआरएस देताना

माता-पालक सभेत मी नेहमी विचारते, ओआरएस कसं करता? बऱ्याच जणी सांगतात, "बाई, ग्लासभर पाण्यात पुडी टाकते." पुडी मोठी असेल तर इथेच चूक होते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती ग्लासात टाकली की पाणी फार खारट होतं, रक्तातलं मीठ वाढतं आणि बाळाचा त्रास उलट वाढू शकतो. छोटी पुडी २०० मिलीची असते. म्हणून आधी पुडीवरचा आकडा वाचा.

पण त्याआधी बाळाकडे बघा. डोळे खोल गेलेत का? चिडचिड करतंय का? पाणी दिसलं की हपापल्यासारखं पितंय का? मग बेंबी आणि कूस यांच्या मधली पोटाची कातडी अंगठा आणि बोटाने उभी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. हळू गेली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली, तर ते गंभीर लक्षण आहे. मात्र फार हडकुळ्या बाळाची कातडी एरवीही हळू जाते, आणि गुटगुटीत बाळाची फसवते. म्हणून एकट्या चिमट्यावर जाऊ नका.

समजा, दोन वर्षांचं, दहा किलोचं बाळ आहे. डोळे खोल गेलेत, घटाघटा पितंय. दोन लक्षणं झाली, त्याला आरोग्य केंद्रात न्या. तिथे किलोमागे ७५ मिली, म्हणजे ७५० मिली ओआरएस चार तासांत देतात. लिटरच्या बाटलीतला पाऊण भाग! एवढं पाणी चमच्याचमच्यानेच जातं, आईला चिकाटी लागते. चार तासांनी पुन्हा तपासतात. बाळ सुस्त पडलं, पिईनासं झालं किंवा शीत रक्त दिसलं तर क्षणभरही थांबू नका. पिऊ शकत असेल तर वाटेतही घोट घोट देत राहा.

घरी करताना हात धुवा. उकळून गार केलेलं पाणी लिटरच्या रिकाम्या, स्वच्छ बाटलीने मोजा. भांड्यात ओतून अख्खी पुडी टाका, ढवळा, चव घ्या. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, नवीन करा. साखर वाढवायची नाही, आणि मिसळल्यावर उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं फेका.

लक्षणं नसली तरी प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका. जुलाब लगेच थांबले नाहीत म्हणून ओआरएस सोडू नका, ते गेलेलं पाणी भरून काढायला आहे. आशाताई झिंकच्या गोळ्या देतात, त्या मात्र जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्यायच्या.