तारपा कधी वाजतो?

डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यांवर तारपा पारंपरिकरीत्या वर्षभर वाजत नाही. भात तयार झालं की वाळका दुधी, बांबू आणि ताडाच्या पानांचं हे वाद्य बाहेर निघतं. वादक मधोमध असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती रात्री उशिरापर्यंत फेर धरतात. म्हणूनच मे महिन्यात रिसॉर्टच्या हिरवळीवर अर्ध्या तासाचा 'तारपा नाच' दिसला, तर तो पाहुण्यांसाठी बसवलेला समजावा. त्यात नाचणाऱ्यांची चूक नाही, ती त्यांची मजुरी आहे. मात्र प्रत्येकाच्या हातात किती पैसे पडतात, हे जरूर विचारावं.

त्यापेक्षा वारली चित्रकाराच्या घरी आधी कळवून जाणं मला अधिक खरं वाटतं. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं पाणी बांबूच्या काडीनं कसं उतरतं, ते तिथे निवांत बघता येतं. चित्र घ्यायचं तर करणाऱ्याच्याच हातात पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. लग्नघरातल्या भिंतीवरचं देवचौकाचं चित्र मात्र पूजेचं असतं. घरच्यांनी बोलावल्याशिवाय आत जाऊ नये, आणि फोटो त्यांना विचारूनच काढावा.