कोन कोणत्या चरणातला?

कॅल्क्युलेटरला −३ + ४i या संख्येचा कोन काढायला सांगा. भागाकार करून tan⁻¹ दाबलं की पडद्यावर −५३.१३ अंश येतात. बटणं बरोबर दाबलेली असतात, हिशोबही बरोबर असतो, आणि तरीही हा कोन त्या संख्येचा नसतो.

संमिश्र संख्येत दोन भाग असतात: एक साधा, म्हणजे वास्तव भाग, आणि दुसरा i सोबत येणारा काल्पनिक भाग. i चा वर्ग −१ असतो. आलेखाच्या कागदावर पहिला भाग आडवा आणि दुसरा उभा मोजला की संख्येचा एक बिंदू मिळतो. ही कल्पना १७९७ साली डॅनिश अकादमीपुढे मांडणारा कॅस्पर वेसेल हा नॉर्वेत जन्मलेला, पोटापाण्यासाठी जमीनमोजणी करणारा माणूस होता. (त्याचा निबंध बराच काळ अडगळीत पडून राहिला आणि या चित्राला आर्गांचं नाव चिकटलं.) मोजणीदार एखाद्या खुणेची जागा दोन तऱ्हांनी सांगू शकतो: पूर्वेला इतकं आणि उत्तरेला इतकं, किंवा इथून अमुक अंतरावर, अमुक दिशेला. पहिली तऱ्हा म्हणजे संख्येचं x + iy हे रूप, तर दुसरी म्हणजे ध्रुवीय रूप. ध्रुवीय रूपात मूळ बिंदूपासूनचं अंतर r आणि उजवीकडच्या अक्षापासून मोजलेला कोन θ द्यायचा असतो.

ध्रुवीय रूपातून परत येणं अगदी सरळ आहे. x = r cos θ, y = r sin θ. अधिक-उणे चिन्हं आपोआप बरोबर पडतात. गोची होते ती जाताना, आणि तीही फक्त कोनापाशी.

−३ + ४i साठी अंतर पायथागोरसने मिळतं: ९ आणि १६ मिळून २५, म्हणून r = ५. कोनासाठी tan θ = ४/(−३) घेतो. इथेच माहिती हरवते. ४ ला −३ ने भागा किंवा −४ ला ३ ने, उत्तर एकच. उणे चिन्ह वरचं होतं की खालचं, हे भागाकार झाल्यावर कुणालाच सांगता येत नाही. कॅल्क्युलेटर बिचारा −९० ते ९० अंशांमधला, म्हणजे नेहमी उजव्या अर्ध्या भागातला कोन देतो. −५३.१३ अंश हा खरं तर ३ − ४i चा कोन आहे, आपल्या बिंदूच्या बरोबर समोरच्या टोकाचा.

म्हणून आधी बिंदू काढावा. कच्ची आकृतीही चालते. मग चिन्हं बाजूला ठेवून tan⁻¹(४/३) = ५३.१३ अंश हा लघुकोन घ्यावा आणि तो चरणात बसवावा. आपला बिंदू डावीकडे वर, म्हणजे दुसऱ्या चरणात आहे. तिथे १८० मधून वजा करायचं: १२६.८७ अंश. बिंदू तिसऱ्या चरणात असता तर हाच कोन उणे घेतला असता, −१२६.८७. पहिल्या चरणात लघुकोन तसाच राहतो, चौथ्यात त्याला फक्त उणे चिन्ह लागतं. x शून्य असेल तर भागायला जाऊच नये. बिंदू उभ्या अक्षावर असतो, तेव्हा कोन ९० किंवा −९०. आणि शून्य या संख्येला दिशाच नाही, त्यामुळे कोनही नाही.

ताळा करताना एक फसवणूक सांभाळावी लागते. ध्रुवीय रूपात वर्ग करायचा तर अंतराचा वर्ग आणि कोनाची दुप्पट. १२६.८७ ची दुप्पट २५३.७४, चुकीच्या −५३.१३ ची दुप्पट −१०६.२६. या दोघांत बरोबर ३६० अंशांचा फरक आहे, म्हणजे दिशा एकच! दोन्हींतून −७ − २४i हेच बरोबर उत्तर येतं. कोनातली १८० अंशांची चूक दुपटीत पूर्ण फेरी होऊन लपते. घन केला की मात्र ती उघडी पडते: खरं उत्तर ११७ + ४४i, चुकीच्या कोनातून −११७ − ४४i. म्हणून ताळा वर्गाने न करता cos ने करावा. ५ cos(−५३.१३°) म्हणजे ३, आपल्याला हवे होते −३.

संगणकात हे काम atan2 नावाचं फंक्शन करतं. ते भागाकाराऐवजी दोन्ही आकडे वेगवेगळे घेतं, त्यामुळे त्याला चरण कळतो. पण क्रम पाहावा लागतो. पायथनमध्ये y आधी, एक्सेलमध्ये x आधी:

```
math.atan2(4, -3)
=ATAN2(-3, 4)
```

दोन्हींचं उत्तर २.२१४३ येतं. हे रेडियन आहेत, म्हणजे १२६.८७ अंशच. एक्सेलमध्ये पायथनच्या सवयीने ४ आधी लिहिलं, तर −०.६४३५ येतं. कुठलाही इशारा न देता एक्सेलने ४ − ३i चा कोन काढून दिलेला असतो.